हावडा ते पुणे, सातव्या महिन्यात: दोन रात्रींचा रेल्वेप्रवास

पहिले बाळंतपण माहेरी करायचे हे आमच्या घरी आधीच ठरले होते. माहेर पुण्याला आणि आम्ही राहतो कोलकात्यात, त्यामुळे सत्ताविसाव्या आठवड्यात मी आझाद हिंद एक्स्प्रेसने हावड्याहून पुण्याला आले. रात्री गाडीत बसायचे, दुसरा संपूर्ण दिवस गाडीत काढायचा आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उतरायचे, असा हा प्रवास आहे. यजमानांना रजा नव्हती, म्हणून आई मला न्यायला आली होती. तिचे वय ५६.

प्रथम तिकिटाविषयी सांगते, कारण माझी पहिली चूक तिथेच झाली. मी घरी बसून ऑनलाइन तिकीट काढले, ‘लोअर बर्थ’ अशी पसंती भरली आणि मिळाला वरचा बर्थ. पसंती ही केवळ पसंती असते, हमी नसते. ज्येष्ठ नागरिक आणि ४५ वर्षांवरील स्त्रियांना शक्य असल्यास खालचा बर्थ देण्याचा प्रयत्न संगणक वयावरून स्वतःहून करतो; परंतु अर्जात गरोदरपणाची नोंद करण्याची सोयच नसल्याने एकोणतीस वर्षांच्या गरोदर स्त्रीची अडचण त्याला कळत नाही. लांब पल्ल्याच्या गाड्यांमध्ये प्रत्येक डब्यातील काही खालचे बर्थ ज्येष्ठ नागरिक, ४५ वर्षांवरील स्त्रिया आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी एकत्रित कोट्यात राखून ठेवलेले असतात, पण गरोदर स्त्रीला त्या कोट्यातील बर्थ घेण्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र घेऊन आरक्षण खिडकीवरच जावे लागते. ते पहिले तिकीट मी रद्द केले आणि कपात सोसली. भाड्यात मात्र गरोदर स्त्रियांना कोणतीही सवलत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

खिडकीवरही माझा अर्ज एकदा परत आला. दवाखान्याच्या फाइलवर माझे सासरचे आडनाव होते, आधार कार्डावर आणि आरक्षण अर्जावर माहेरचे. खिडकीवरील कर्मचाऱ्याने दोन्ही कागद शेजारी ठेवून नावे जुळत नसल्याचे दाखवले आणि त्यात एक दिवस गेला. प्रमाणपत्र डॉक्टरांच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह असावे. त्यावर ओळखपत्राप्रमाणेच नाव, गरोदरपणाचे आठवडे, प्रसूतीची अपेक्षित तारीख आणि ‘प्रवासास हरकत नाही’ हे वाक्य लिहून घ्यावे. मूळ प्रत प्रवासातही जवळ ठेवावी. कोट्यातील बर्थ मोजके असल्याने, आरक्षण ६० दिवस आधी उघडते तेव्हाच तारीख ठरलेली असेल तर फार बरे.

मी कोट्याचे तिकीट एकटीचे काढले आणि आईचे तिच्या वयाच्या आधारावर वेगळे. पतीसोबत प्रवास असेल तर त्यांचे नाव कोट्याच्या तिकिटावर घालता येत नाही, कारण ते त्या निकषात बसत नाहीत. त्यांचे तिकीट वेगळे काढावे. दोघांचे एकत्रच काढायचे असेल, तर सामान्य कोट्यात ‘किमान एक खालचा बर्थ मिळाला तरच आरक्षण करा’ हा ऑनलाइन पर्याय निवडावा, म्हणजे वरचा बर्थ गळ्यात पडत नाही. एवढे करूनही वरचा बर्थ आला, तर गाडी सुटल्यावर टीटीईला भेटावे. रिकामे राहिलेले खालचे बर्थ गरोदर स्त्रियांना देण्याचा अधिकार त्यांना असतो.

डब्याच्या बाबतीत मी थ्री टिअरऐवजी टू टिअर एसी निवडला. त्याचे खरे कारण मधला बर्थ हे आहे. थ्री टिअरमध्ये तो एकदा लावला की खाली ताठ बसता येत नाही, आणि सातव्या महिन्यात छातीत जळजळ सुरू झाली की उठून बसण्यावाचून दुसरा उपाय नसतो. साइड लोअर मी टाळला, कारण तिथे दोन आसने जोडून बिछाना होतो, मधला सांधा कमरेला टोचतो आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांचे सामान अंगाला लागते. डब्याच्या मध्याकडील बर्थला धक्के कमी बसतात. मात्र लघवीला वारंवार जावे लागत असल्याने अगदी मधला न घेता दारापासूनचा दुसरा किंवा तिसरा कप्पा मला सोयीचा वाटतो.

झोपताना एक बारीक गोष्ट कळली. डॉक्टरांनी डाव्या कुशीवर झोपायला सांगितले होते. खिडकीकडे डोके केले तेव्हा माझे तोंड पार्टिशनकडे झाले आणि पोट सावरत उठणे जड जाऊ लागले. मग उशी उलट, वाटेकडच्या बाजूला घेतली. तोंड समोरच्या बर्थकडे आले, पाय खाली सोडून हाताच्या आधाराने उठता येऊ लागले.

निघण्याआधी डॉक्टरांनी रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफीतील वारेची जागा पाहूनच परवानगी दिली. वार खाली असेल, रक्तस्राव झालेला असेल, गर्भाशयाचे तोंड आखूड असेल किंवा रक्तदाब वाढलेला असेल, तर तिकीट हातात असले तरी प्रवास करू नये. असे झाल्यास आरक्षित तिकीट आई, वडील, भाऊ, बहीण, पती किंवा मुले यांच्या नावावर करता येते. त्यासाठी गाडी सुटण्याच्या किमान २४ तास आधी खिडकीवर अर्ज द्यावा लागतो.

दिवसभर बसून राहिल्याने पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका गरोदरपणात अधिक असतो. म्हणून मी दर दीड-दोन तासांनी आईचा हात धरून डब्यातल्या डब्यात फेरी मारत होते आणि बसल्या जागी घोटे फिरवत होते. दोन डब्यांमधील हलत्या जोडणीवर मात्र पाऊल टाकले नाही. एकाच पोटरीत सूज, दुखणे आणि गरमपणा जाणवला तर ते साधे पाय दुखणे समजू नये. लघवीला जावे लागेल म्हणून पाणी कमी पिण्याचा मोह होतो, तो अगदी टाळावा.

याचा प्रत्यय मला गोंदियाच्या अलीकडे आला. दुपारी पोट दगडासारखे कडक झाले, अर्ध्या मिनिटात सैल पडले आणि थोड्या वेळाने पुन्हा कडक झाले. सकाळपासून मी जेमतेम अर्धी बाटली पाणी प्यायले होते. आईने लघवीला नेऊन आणले, दोन पेले पाणी दिले, मी डाव्या कुशीवर पडले आणि आई घड्याळात वेळा लिहीत बसली. तासाभरात तीन वेळा पोट आवळले, अंतरे अनियमित होती, जोर वाढत नव्हता आणि नंतर ते थांबले. तासात चार किंवा अधिक वेळा, ठरावीक अंतराने आणि वाढत्या जोराने पोट आवळत असते, किंवा रक्त, पाणी जाणे, दृष्टी अंधुक होणे यांपैकी काही असते, तर वाट न पाहता १३९ क्रमांकावर फोन करायचा हे आमचे ठरले होते. तेव्हा सांगायचे शब्द मी एका कागदावर लिहून ठेवले होते: पीएनआर, डबा आणि बर्थ क्रमांक, किती आठवडे, काय होत आहे, पुढचे मोठे स्थानक कोणते. त्याच कागदावर बिलासपूर, रायपूर, नागपूर, अकोला, भुसावळ या स्थानकांच्या वेळा आणि माझा रक्तगट होता. हाच निरोप रेलमदद अ‍ॅपवरूनही देता येतो आणि डब्यातील टीटीईलाही सांगता येतो. ते पुढच्या स्थानकावर डॉक्टर बोलावण्याची व्यवस्था करतात.

नागपूरला संध्याकाळी गाडी थांबली तेव्हा मी फलाटावर उतरले नाही, आईलाही उतरू दिले नाही. घरचे दशम्या, दही आणि केळी यांवर दोन्ही वेळा भागल्या. लोहाची गोळी मी चहापासून दोन तास दूर ठेवली, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. पुणे येण्याआधी अर्धा तास सामान दारापाशी न नेता आम्ही बर्थवरच बसून राहिलो. गर्दी पूर्ण उतरल्यावर हमालाला डब्यात बोलावले, आणि दांडा धरून मी पायऱ्या उतरले.