चौथ्या इंजेक्शनसाठी आलेल्या मावशी

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका सोमवारी ५८ वर्षांच्या एक मावशी मुलाच्या खांद्यावर भार देत आत आल्या आणि खुर्चीत बसण्याआधीच म्हणाल्या, "डॉक्टर, मला तेवढं इंजेक्शन द्या, बाकी काही नको." उजव्या गुडघ्यात आठ महिन्यांत स्टिरॉइडची तीन इंजेक्शने त्यांनी दुसरीकडे घेतली होती. पहिल्याने दोन महिने बरे वाटले, दुसऱ्याने महिनाभर, तिसऱ्याने जेमतेम दहा दिवस. शिवाय औषधाच्या दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची गोळी रोज दोन वेळा चालूच होती. गुडघ्यातले वंगण संपले आहे, आता चालणे कमी करा, असे कोणीतरी सांगितल्यामुळे वर्षभर त्या शेताकडे फिरकल्या नव्हत्या. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ७८ किलो.

रक्तदाब १६०/९६ निघाला आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.६, दोन्ही जास्त. पिशवीतला एक्स-रे मात्र बराच चांगला दिसत होता, कारण तो झोपवून काढलेला होता. गुडघ्यावर भार नसताना दोन हाडांमधली फट खरी दिसत नाही. उभे करून पुन्हा काढला तेव्हा आतल्या बाजूची फट निम्म्याहून कमी उरलेली दिसली आणि हाडाच्या कडेला स्पष्ट काटे होते. सकाळचा आखडलेपणा दहा मिनिटांत जात होता, गुडघा गरम नव्हता, बोटांच्या सांध्यांना सूज नव्हती, खुब्याची हालचाल मोकळी होती. म्हणजे संधिवाताचा दाहक प्रकार नव्हे, तर ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्याची झीज, तिसऱ्या दर्जाची.

"वंगण संपलं" हा शब्दप्रयोग एके काळी मीही सर्रास करत असे. तो किती चुकीचा आहे, हे त्या दिवशी मला दाखवून देता आले, कारण मावशींच्या मुलाचे मटणाचे दुकान होते. त्याला ताज्या बोकडाचा गुडघा आणायला सांगितले आणि दुपारी टेबलावर तो सांधा उघडला. हाडाच्या टोकावरचा निळसर पांढरा, ओलसर थर, म्हणजे कूर्चा, मी चिमट्याच्या बोथट टोकाने दाबला. खळगा पडला आणि चिमटा उचलल्यावर हळूहळू भरून आला. मग त्या थराची एक पातळ चकती कापून पंख्याखाली ठेवली. तासाभरात ती पिवळी पडून आक्रसली. सलाइनमध्ये टाकल्यावर फुगून पुन्हा पांढरी होऊ लागली.

मावशी आणि त्यांचा मुलगा दोघेही ती चकती निरखत होते, तेव्हा मी समजावून सांगितले. कूर्चेचा बहुतांश भाग पाणीच असतो. ते पाणी धरून ठेवणारा रेणू म्हणजे ॲग्रीकॅन. बाटल्या धुण्याच्या ब्रशसारख्या दिसणाऱ्या या रेणूच्या केसांवर ऋण विद्युतभार असतो. तो सोडियम ओढतो आणि सोडियममागे पाणी येते. ॲग्रीकॅनला आणखी फुगायचे असते, पण टाइप २ कोलॅजेनच्या धाग्यांचे घट्ट जाळे त्याला आवळून धरते. या ताणातूनच कूर्चेला भार पेलण्याचे बळ मिळते. त्यात रक्तवाहिनी नाही आणि मज्जातंतूही नाही. भार पडला की पाणी बाहेर पिळले जाते, भार सुटला की सांध्यातल्या द्रवातून ते परत शिरते. पेशींपर्यंत पोषण पोचायला ही ये-जा फार मदत करते. वर्षभर गुडघा जपून बसणाऱ्या बाईने ती ये-जाच कमी करून टाकली होती.

झीज म्हणजे नुसते घासले जाणे नव्हे. भार बिघडला, दुखापत झाली किंवा चरबीतून येणारे दाहक रेणू वाढले, की कूर्चेतल्या पेशी स्वतःच ॲग्रीकॅन आणि कोलॅजेन कापणारी विकरे सोडू लागतात. कोलॅजेन कापणाऱ्यांत एमएमपी-१३ हे प्रमुख. जाळे सैल झाले की सुरुवातीला कूर्चेतले पाणी कमी होत नाही, उलट वाढते. पण ते धरणारा ॲग्रीकॅन निसटत असल्यामुळे थर लिबलिबीत होतो, त्यावर चिरा पडतात आणि खालचे हाड घट्ट व जाड होत जाते. म्हाताऱ्या पण निरोगी कूर्चेत पाणी कमी होते, आणि रोगट कूर्चेत आधी वाढते. प्रौढपणी कोलॅजेनचे जाळे जवळजवळ नव्याने विणले जात नाही, म्हणून ते वाचवणे महत्त्वाचे.

"मग दुखतं कुठं?" मुलाने विचारले. प्रश्न अगदी योग्य होता. दुखते ते खालच्या हाडात, सांध्याच्या अस्तरात आणि भोवतालच्या आवरणात. म्हणूनच एक्स-रे तोच राहूनही वेदना कमी होऊ शकते.

मावशींवरच्या उपचारांची शिडी वरच्या पायरीपासून चढवली गेली होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दर तीन महिन्यांनी ट्रायअ‍ॅमसिनोलोन हे स्टिरॉइड गुडघ्यात दोन वर्षे दिले, तेव्हा सलाइनच्या तुलनेत वेदना काही अधिक कमी झाली नाही, उलट कूर्चा अधिक पातळ झाली. म्हणून चौथे इंजेक्शन मी नाकारले. गोळी त्याच दिवशी बंद केली, कारण मूत्रपिंड आणि रक्तदाब दोन्ही तक्रार करत होते. रक्तदाबासाठी फिजिशियनकडे पाठवले.

खालची पायरी होती मांडीच्या पुढच्या स्नायूची. पाय सरळ ठेवून उचलणे, खुर्चीतून हात न टेकता उठणे, आणि दिवसातून दोनदा दहा मिनिटे चालणे. दुखेल हे आधीच सांगितले, आणि मापही दिले: व्यायामाने वाढलेले दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत झाले तर तोच व्यायाम चालू ठेवायचा, नाही झाले तर निम्मा करायचा. काठी डाव्या हातात दिली. दुखऱ्या बाजूला धरली की तिचा फायदा बराचसा वाया जातो, आणि बहुतेक जण नेमकी तिथेच धरतात. वजनाचे गणितही मांडले, की एक किलो कमी झाले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. औषध म्हणून फक्त डायक्लोफेनॅकचे जेल, दिवसातून चार वेळा. कातडीवाटे रक्तात फार थोडे जाते, तरी मूत्रपिंडाचा विचार करून क्रिएटिनिनवर लक्ष ठेवले. ग्लुकोसामिनची महागडी बाटली त्या सोबत घेऊन आल्या होत्या, ती संपली की पुन्हा आणू नका म्हणालो. वेदना अडून राहिली असती तर पुढे ड्युलोक्सेटिन या जुनाट वेदनेवरच्या औषधाचा विचार केला असता.

पहिले तीन आठवडे वाईट गेले. मुलाचा दोनदा फोन आला, एकदा रागानेच. बाराव्या आठवड्यात वजन ७४ होते, क्रिएटिनिन १.१, आणि अर्ध्या मिनिटात खुर्चीतून उठण्याची संख्या सहावरून दहावर गेली होती. जिना उतरताना दुखतच होते.

श्रावणात घरच्या पूजेला चार तास मांडी घालून बसल्यावर त्यांचा गुडघा टम्म सुजला. मी २५ मिलिलिटर पाणी काढले. ते स्वच्छ, पिवळसर आणि तार सुटणारे होते. तपासणीत पेशी कमी निघाल्या, स्फटिक नव्हते, जंतू उगवले नाहीत. एवढे पाहून मगच मी एक इंजेक्शन दिले. "बघा, शेवटी दिलंतच," मावशी म्हणाल्या. मी म्हणालो, या सुजेसाठी दिले आहे, पुढची तारीख देत नाही. दोन दिवस विश्रांती घेऊन तिसऱ्या दिवशी पुन्हा पाय उचलायला सुरुवात करायची, हे मी सांगण्याआधीच त्यांनी मुलाला सांगितलेले होते.