‘गच्चीचं कोटेशन पाठवा’ या मेसेजला मी काय उत्तर दिलं

मार्च उजाडला की आम्हा वॉटरप्रूफिंगवाल्यांच्या फोनवर एकाच साच्याचे मेसेज यायला लागतात. पाऊस जूनमध्ये येणार, त्याआधी काम उरकायचं, म्हणून सोसायट्यांची घाई सुरू होते. पार्ल्यातल्या एका जुन्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा मेसेज असाच होता : ‘गच्ची साडेतीन हजार स्क्वेअर फूट. वॉटरप्रूफिंगचं कोटेशन पाठवा. रविवारी कमिटी मीटिंग आहे.’

क्षेत्रफळ दिलेलं असलं की वाटतं, रेटने गुणलं की झालं. पण गच्चीच्या कामात पैसे क्षेत्रफळापेक्षा दोन गोष्टींवर जास्त ठरतात : पाणी नक्की कुठून येतंय, आणि गच्चीवर आधीचे किती थर बसलेत. जुना ब्रिकबॅट कोबा, म्हणजे स्लॅबवर विटांचे तुकडे आणि सिमेंट घालून केलेला थर, शाबूत असेल तर त्यावर कोटिंग करून भागतं. तो स्लॅबपासून सुटला असेल तर फोडावा लागतो, राबिट, म्हणजे फोडलेला मालमसाला, जिन्याने खाली उतरवून टेम्पोने बाहेर न्यावं लागतं आणि मग नवा कोबा घालावा लागतो. दोन्ही कामांना लोक ‘वॉटरप्रूफिंग’च म्हणतात, पण खर्च दुपटीहून जास्त वेगळा.

तरीही ‘साइट बघितल्याशिवाय रेट सांगत नाही’ असं मी लिहीत नाही. सेक्रेटरी बिनपगारी माणूस. दिवसभर स्वतःची नोकरी करून संध्याकाळी लोकलमधून सोसायटीचे मेसेज बघणार. त्याला रविवारी कमिटीपुढे तीन ठेकेदारांची कोटेशनं ठेवायची आहेत. असं उत्तर मिळालं की तो पुढचा नंबर लावतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून उत्तराची सुरुवात त्याने मागितलेल्या गोष्टीनेच करायची. मी त्याच संध्याकाळी लिहिलं :

‘नमस्कार साहेब. कोटेशन शनिवारी संध्याकाळपर्यंत मिळेल, मीटिंगला वापरता येईल. तोवर अंदाज म्हणून : नुसतं कोटिंग केलं तर चौरस फुटाला ८० ते ११० रुपये, जुना कोबा फोडून नवा केला तर २०० च्या पुढे. तुमचं काम यातलं कुठलं, हे ठरवायला तीन गोष्टी कळवा. गळती कुठल्या फ्लॅटमध्ये आहे आणि आत्ता, पाऊस नसतानाही आहे का? गच्चीवर याआधी काय काम झालंय, साधारण कधी? आणि बाकीच्यांकडून कुठल्या कामाचं कोटेशन मागवलंय? सोबत गळणाऱ्या छताचा आणि त्याच्या वरच्या गच्चीचा एकेक फोटो पाठवलात तर पुरे.’

तीनच प्रश्न, कारण दहा विचारले की उत्तर एकाचंही येत नाही. आणि तिन्ही असे, की उत्तर द्यायला त्यांना कुणाला बोलवावं लागू नये. आकडा पट्ट्यात देण्याचाही उपयोग होतो. वरचा आकडा वाचून माणूस स्वतःच विचारतो की कोबा फोडावा लागेल का, आणि बोलणं रेटवरून कामावर येतं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. गच्चीवर काही वर्षांपूर्वी कोटिंग झालं होतं. बाकी दोघांनी न विचारता पूर्ण गच्चीचे आकडे पाठवले होते, एक कोटिंगचा, दुसरा नव्या कोब्याचा. कमिटी त्या दोन आकड्यांची तुलना करणार होती. पण मी थांबलो ते पहिल्या उत्तरापाशी : ‘वरच्या मजल्यावर दोनच फ्लॅट गळतात, शेजारशेजारचे. हो, आत्ताही टपकतंय.’

मुंबईत पाऊस ऑक्टोबरमध्ये आटोपतो. मार्चमध्ये टपकणारं पाणी पावसाचं असणं अवघड. कोब्यात मुरलेलं पाणी पाऊस थांबल्यावरही झिरपत राहू शकतं, पण पाच महिने थेंब थेंब पडत राहणं कठीण. फोटो पाहिला तर त्या दोन फ्लॅटच्या डोक्यावर पाण्याची टाकी. मी परत लिहिलं : ‘साहेब, पाणी टाकीतून येत असेल तर गच्ची कितीही चांगली केली तरी गळती थांबणार नाही. टाकीला दोन कप्पे आहेत का? असतील तर वॉचमनला सांगून एक कप्पा दोन दिवस रिकामा ठेवा आणि खाली थेंब कमी होतात का ते बघा. मग दुसरा कप्पा. डागाकडे बघू नका, तो वाळायला फार वेळ लागतो.’

या तपासणीला पैसा लागत नाही. फक्त पंप जास्त वेळा लावावा लागतो आणि रहिवाशांना आधी सांगावं लागतं. त्यांनी ती केली, त्यासाठी मीटिंग एक आठवडा पुढे ढकलली. पूर्वेकडचा कप्पा रिकामा असताना थेंब थांबले, भरल्यावर पुन्हा सुरू झाले.

मग मी साइटवर गेलो, काय बघायचं ते ठरवूनच. टाकीच्या भिंतीतून आउटलेटचा पाइप जिथे बाहेर येतो तिथलं प्लास्टर पोकळ वाजत होतं, खाली पांढरे क्षार साठले होते. गच्चीचा कोबा हातोडीने ठोकून पाहिला. बहुतेक ठिकाणी घट्ट होता, फक्त पॅरापेटलगतच्या वात्याला, म्हणजे गच्ची आणि कठडा मिळतात तिथल्या गोलसर प्लास्टरला, तडे होते.

कोटेशनचे मी दोन वेगळे भाग केले. पहिल्यात टाकी : पाइपभोवतीचा भाग फोडून पुन्हा भरणं आणि त्या कप्प्याला आतून पिण्याच्या पाण्याला चालणारं कोटिंग. दुसऱ्यात फक्त वात्याची दुरुस्ती, रनिंग फुटाच्या दराने. राबिट वाहून नेणं धरलंय, टाकी रिकामी असताना पाण्याची सोय सोसायटीची, जीएसटी १८ टक्के वेगळा, हे स्पष्ट लिहिलं. टाकी भरून ठेवल्यावर खाली थेंब आला नाही, तरच शेवटचा हप्ता, हेही. एकूण रक्कम त्या दोन कोटेशनांच्या जवळपासही नव्हती, कारण काम साडेतीन हजार फुटांचं उरलंच नव्हतं. मला मिळणारी रक्कमही अर्थातच लहान झाली. पण नव्या कोब्याखाली तीच टाकी गळत राहिली असती तर त्या घरांत उत्तर द्यायला मलाच उभं राहावं लागलं असतं, आणि ते मला मान्य नाही.

ही पद्धत सगळीकडे चालत नाही. सोसायटीने स्ट्रक्चरल कन्सल्टंट नेमला असेल आणि त्याने कामांची यादी मापांसकट दिली असेल, तर प्रश्न विचारत बसणं म्हणजे त्यांचा वेळ खाणं. तिथे दर भरायचे, शंका असेल तर कन्सल्टंटला विचारायची. काही लोक एका फोटोचीही तसदी घेत नाहीत. त्यांना मी दरांचा तोच अंदाज लेटरहेडवर पाठवतो, ‘पाहणीनंतर दर निश्चित होईल’ असं लिहून, आणि मागे लागत नाही. फोटो मागितल्यावर कोण किती उत्सुक आहे ते बऱ्यापैकी कळतं.

या सोसायटीचं टाकीचं काम एप्रिलमध्ये झालं. पूर्ण गच्चीचा विषय कमिटीने पावसाळ्यानंतर घ्यायचं ठरवलं. तोवर जोराचा पाऊस झाला की कुठल्या फ्लॅटमध्ये, किती वेळाने ओल दिसते, हे वहीत लिहून ठेवायला मी सेक्रेटरींना सांगितलंय. गच्चीचं कोटेशन त्या नोंदींवरून करणार आहे.