आमची वाटचाल : जांभळ्या ट्यूबमधून निळ्या ट्यूबकडे

आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये एखाद्या रुग्णाचा प्लेटलेटचा आकडा पहिल्यांदाच एक लाखाच्या खाली आला, तर स्लाइड बघितल्याशिवाय रिपोर्टवर सही होत नाही. हा नियम पहिल्या दिवसापासून नव्हता. सुरुवातीला आम्ही तेच करायचो जे बहुतेक छोट्या लॅब करतात: आकडा कमी दिसला की तीच जांभळी ट्यूब हलवून मशीनवर पुन्हा लावायची. दुसऱ्यांदाही आकडा कमीच यायचा, बरेचदा पहिल्यापेक्षाही कमी, आणि आम्ही समाधानाने लिहायचो, ‘दोनदा तपासले आहे’. चूक नेमकी तिथे होती. प्लेटलेट एकमेकींना चिकटत असतील, तर जितका वेळ जाईल तितका आकडा खाली येणार. दुसरी तपासणी ही पहिलीची खातरजमा नसते, तो फक्त आणखी बिघडलेला आकडा असतो.

जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असते. ते रक्तातले कॅल्शियम धरून ठेवते, म्हणून रक्त गोठत नाही. पण प्लेटलेटच्या पृष्ठभागावर ग्लायकोप्रोटीन टू-बी/थ्री-ए नावाची प्रथिनांची जोडी असते आणि तिचा आकार कॅल्शियमवर टिकून असतो. कॅल्शियम निघून गेले की ही जोडी उलगडते आणि एरवी झाकलेला भाग उघडा पडतो. काही माणसांच्या रक्तात या उघड्या भागाला चिकटणाऱ्या अँटिबॉडी असतात. शरीरात तो भाग झाकलेला असल्यामुळे त्या काहीच करत नाहीत. ट्यूबमध्ये मात्र त्या प्लेटलेट एकमेकींना जोडत जातात आणि पुंजके तयार होतात. म्हणूनच याला खोटी प्लेटलेट-घट म्हणतात. माणसाच्या अंगावर लाल ठिपके नसतात, हिरड्यांतून रक्त येत नसते, प्लेटलेट भरपूर असतात. कमतरता फक्त आपल्या ट्यूबमध्ये असते. हजारात साधारण एखाद्याच्या बाबतीत हे घडते. म्हणजे रोज पन्नास सीबीसी करणाऱ्या लॅबला महिन्यात एखादे तरी असे सॅम्पल भेटणारच.

मशीनला पुंजका म्हणजे काय हे कळत नाही. इम्पीडन्सवर चालणारे मशीन साधारण 2 ते 30 फेम्टोलिटर आकाराच्या कणाला प्लेटलेट म्हणते. पाच-दहा प्लेटलेटचा गोळा त्या चौकटीबाहेर जातो. लहान पुंजके लाल पेशींत मिसळतात आणि कुणाच्या लक्षात येत नाहीत. मोठे पुंजके पांढऱ्या पेशींच्या मोजणीत शिरतात, त्यामुळे प्लेटलेट कमी आणि पांढऱ्या पेशी उगाच वाढलेल्या अशी जोडी रिपोर्टवर दिसते. प्लेटलेटचा आलेख उजवीकडे तळाला टेकत नाही, करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होत राहतो. पांढऱ्या पेशींच्या आलेखाच्या अगदी डाव्या टोकाला एक छोटा उंचवटा येतो. एमपीव्हीच्या जागी नुसत्या रेघा येतात किंवा तो आकडा फार मोठा येतो. मशीनने PLT Clumps? असा इशारा दिला तर उत्तमच, पण त्याची वाट बघू नये. पुंजके असूनही इशारा न देणारी सॅम्पल असतात.

स्लाइड करण्याआधी ट्यूबमध्ये दोन लाकडी काड्या फिरवून बघायच्या. काडीला गुठळी लागली, तर विषयच वेगळा. सुई नीट न लागल्यामुळे किंवा ट्यूब वेळेवर न हलवल्यामुळे रक्त थोडेसे गोठले, की त्यातही प्लेटलेट अडकून आकडा पडतो. ते सॅम्पल रद्द करून नवीन घ्यायचे, त्यावर स्मिअरची चर्चा करायची नाही. काडी स्वच्छ निघाली तर त्याच जांभळ्या ट्यूबमधून स्मिअर ओढायचा.

इथे आम्ही बराच काळ आणखी एक चूक करत होतो. स्मिअरच्या मधल्या पातळ भागात, जिथे लाल पेशी सुट्या सुट्या दिसतात, तिथे थेट ऑइल टाकून बघायचो. तिथे प्लेटलेट विरळ दिसायच्या आणि मशीनचा आकडा बरोबर वाटायचा. पण रक्त ओढताना जड पुंजके काचेच्या धक्क्याबरोबर पुढे ढकलले जातात आणि स्मिअरच्या पिसासारख्या टोकाला व दोन्ही कडांना जाऊन बसतात. म्हणून आता पहिली नजर दहाच्या लेन्सखाली, टोकापासून सुरुवात करून दोन्ही कडांवरून. या लेन्सखाली पुंजके पाण्यात विरघळायची राहिलेली जांभळट पूड साचावी तसे दिसतात. एखादी जागा संशयास्पद वाटली की तिथे ऑइल. शंभरच्या लेन्सखाली त्या पुडीतला प्रत्येक दाणा वेगळा होतो: फिकट निळसर पेशी, मध्ये जांभळे बारीक कण, दहा-वीस किंवा पन्नासदेखील एकमेकींना खेटलेल्या. त्यांच्यामध्ये फायब्रिनचे धागे नसतात. धाग्यांची जाळी दिसली तर काड्यांच्या नजरेतून निसटलेली गुठळी समजावी.

टोक आणि कडा पूर्ण स्वच्छ असतील, आणि मधल्या भागात एका ऑइल फील्डला दोन-तीनच प्लेटलेट भेटत असतील, तर घट खरी. एका फील्डमधली सरासरी गुणिले 15,000 हा आमचा अंदाज. तीन असतील तर साधारण 45,000. पुंजके दिसले की मात्र हा गुणाकार करायचाच नाही, कारण मोजायला सुट्या प्लेटलेट उरलेल्याच नसतात. बोटाला टोचून थेट काचेवर घेतलेल्या थेंबाचा स्मिअरही पुरावा म्हणून चालत नाही. ईडीटीए नसलेल्या ताज्या थेंबात प्लेटलेट चिकटणे हा त्यांचा स्वभावच आहे.

कधी कधी पुंजक्यांऐवजी प्लेटलेट न्यूट्रोफिलभोवती कडे करून बसलेल्या दिसतात. त्याचेही कारण ईडीटीएच, आणि पुढची वाटही तीच.

ती वाट एका सॅम्पलवरून पाहू. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेआधीची तपासणी. रुग्णाला रक्तस्रावाचा कोणताही त्रास नाही. जांभळ्या ट्यूबमध्ये प्लेटलेट 41,000, पांढऱ्या पेशी 11,800, हिमोग्लोबिन 12.1. काडी स्वच्छ, स्मिअरच्या टोकाला ठिकठिकाणी पुंजके. रुग्णाला पुन्हा बोलावून एकाच टोचणीत आधी निळी सायट्रेट ट्यूब आणि मग जांभळी भरली. हा क्रम पाळायचा, नाहीतर ईडीटीएचा अंश निळ्या ट्यूबमध्ये जातो. फुलपाखरू सुई वापरत असाल तर नळीतली हवा आधी एका टाकाऊ ट्यूबमध्ये जाऊ द्या. तसे केले नाही तर निळी ट्यूब कमी भरते. जुन्या जांभळ्या ट्यूबमध्ये सायट्रेट घालून पुंजके सुटतील अशी आशा धरू नये, ताजे रक्तच लागते.

नव्या जांभळ्या ट्यूबचा आकडा घेतल्याबरोबर 1,62,000 होता. अर्ध्या तासाने 74,000, तासाभराने 43,000. ट्यूब तीच, मशीन तेच. घड्याळाबरोबर पडत जाणारा हा आकडाच निदान सांगतो. निळ्या ट्यूबमध्ये दहा मिनिटांनी 1,94,000 आणि तासाने 1,92,000, म्हणजे स्थिर. निळ्या ट्यूबचा स्मिअरही ओढला, टोकाला पुंजका नाही. ही पायरी गाळायची नाही, कारण सायट्रेटमध्येही पुंजके होणारे रुग्ण असतात.

आता दुरुस्ती. निळ्या ट्यूबमध्ये 3.2 टक्के सोडियम सायट्रेटचे द्रावण 0.3 मिली असते आणि त्यात 2.7 मिली रक्त येते. नऊ भाग रक्त दहा भाग होते, म्हणून मशीनचा आकडा 1.1 ने गुणायचा: 1,94,000 गुणिले 1.1 म्हणजे 2,13,400. पांढऱ्या पेशी निळ्या ट्यूबमध्ये 7,100 होत्या, दुरुस्त करून 7,810. जांभळ्या ट्यूबमधले 11,800 हे पुंजक्यांनी फुगवलेले होते. त्यामुळे अशा रुग्णाच्या पांढऱ्या पेशीही निळ्या ट्यूबमधूनच कळवायच्या. हिमोग्लोबिन आणि लाल पेशी जांभळ्या ट्यूबमधल्या चालतात.

1.1 हा आकडा ट्यूब रेषेपर्यंत भरली तरच खरा. आमच्या कामात सर्वांत उपयोगी पडलेली युक्ती याच्याशी जोडलेली आहे: दोन्ही ट्यूबचे हिमोग्लोबिन शेजारी ठेवून बघायचे. पुंजक्यांचा हिमोग्लोबिनवर परिणाम होत नाही, तेव्हा त्यातला फरक हा निव्वळ पातळ झाल्याचा फरक असतो. या रुग्णाचे जांभळ्यात 12.1, निळ्यात 11.0. भागाकार 1.1, म्हणजे ट्यूब बरोबर भरली. निळ्यात 10.4 आले असते तर भागाकार 1.16. याचा अर्थ 2.7 ऐवजी जेमतेम 1.8 मिली रक्त आले, आणि 1.1 ने गुणून दिलेला आकडा पाचेक टक्क्यांनी कमी पडला असता. तेव्हा ट्यूब नव्याने भरायची. आकडा रक्तस्रावाच्या धोक्याच्या उंबरठ्याजवळ असेल तर हा फरक किरकोळ राहत नाही. दोन्ही ट्यूब मात्र आठ-दहा वेळा हळूच उलट्यासुलट्या केलेल्या हव्यात. न मिसळलेल्या रक्ताचे हिमोग्लोबिन काहीही सांगेल.

पुंजके आणि खरी घट एकाच माणसात असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे लागते. निळ्या ट्यूबमध्ये 62,000 आले आणि स्मिअर स्वच्छ असेल, तर 68,200 हा खरा आकडा आहे. पुंजके सापडले म्हणून सगळे ठीक, असे लिहून मोकळे व्हायचे नाही.

सायट्रेटमध्येही पुंजके दिसले तर आम्ही दोन गोष्टी करतो. पहिली: रक्त घेतल्या क्षणापासून ट्यूब 37 अंशांवर ठेवून लगेच मोजायची, कारण बहुतेक अँटिबॉडी थंडीत जास्त चिकटतात. दुसरी: बोटातले 20 मायक्रोलिटर रक्त थेट 1 टक्का अमोनियम ऑक्झलेटच्या 380 मायक्रोलिटर द्रावणात घ्यायचे, चेंबर भरून ओल्या झाकणाखाली पंधरा मिनिटे ठेवायचे, आणि मधल्या मोठ्या चौकोनातले पाच छोटे चौकोन मोजून हजाराने गुणायचे. 196 मोजल्या तर 1,96,000. चेंबरमध्येही पुंजका दिसला तर तो आकडा सोडून द्यायचा.

रिपोर्टवर आम्ही जांभळ्या ट्यूबचा प्लेटलेट आकडा छापत नाही. शेऱ्यासह छापला तरी पुढच्या टेबलावर फक्त आकडाच वाचला जातो. त्या भरवशावर शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, स्टेरॉइड सुरू होतात, प्लेटलेटची पिशवी मागवली जाते, क्वचित अस्थिमज्जेची सुई टोचली जाते. म्हणून वरच्या सॅम्पलच्या रिपोर्टवर गेले ते असे: ‘प्लेटलेट 2,13,400, सायट्रेट ट्यूब, पातळपणाची दुरुस्ती करून. ईडीटीए ट्यूबमध्ये प्लेटलेटचे पुंजके होतात, स्मिअरवर पाहिले. पुढील प्रत्येक सीबीसीसाठी सायट्रेट ट्यूबही घ्यावी.’ हेच वाक्य छापलेले छोटे कार्ड रुग्णाच्या हाती दिले. ही अँटिबॉडी वर्षानुवर्षे रक्तात टिकू शकते, आणि पुढची जांभळी ट्यूब कुठल्या लॅबमध्ये भरली जाईल ते आपल्या हातात नसते.