दोघांना एकच मेसेज

„तुमच्या मुलांचं बोलणं बंद होतं, तेव्हा तुम्ही त्यांना नेमकं काय लिहिलंत? आमच्या घरीही आता तेच चाललंय.”

आधी माझं काय चुकलं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच सुचलं.

पहिल्यांदा मी दोघांना वेगवेगळं लिहिलं होतं. मुलाला लिहिलं, „तू मोठा आहेस, तूच समजून घे.” मुलीला लिहिलं, „तू तरी हट्ट सोड.” मुलानं वाचलं की आईच्या मते चूक माझी. मुलीनं वाचलं की दादा हट्ट सोडणार नाहीच, म्हणून आई माझ्या मागे लागली आहे. दोघंही दुखावले, आणि दोघांनीही मला विचारलं, „त्याला काय लिहिलंस? तिला काय लिहिलंस?” मी दोघांना थोडं गुळमुळीत उत्तर दिलं. त्यांना ते लगेच कळलं.

भांडण कशावरून होतं ते सांगते. यांचं आजारपण अकरा महिने चाललं. मुलगी जवळ राहत होती. रात्री जागणं, औषधाच्या वेळा, कूस बदलणं, सगळं तिनं केलं. मुलगा लांब होता. पैशांची जबाबदारी त्यानं घेतली होती आणि जमेल तेव्हा तो येऊन जायचा. हे गेल्यानंतर कागद आवरताना त्यानं विचारलं, „बिलांचा हिशोब कुठे आहे?” त्याला विम्याचा दावा करायचा होता. तिला ऐकू आलं की दादा आपल्याकडे हिशोब मागतोय. ती म्हणाली, „तू पाहुणा होतास, पाहुण्यासारखाच राहा.” त्यानंतर चौदा महिने दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

या चौदा महिन्यांत मी पोस्टमन झाले होते. तो मला विचारायचा, छोटी कशी आहे? ती विचारायची, दादाची तब्येत बरी आहे ना? मी इकडचे फोटो तिकडे पाठवायचे. वाटायचं, निदान धागा तुटू देत नाहीये मी. खरं तर माझ्यामुळेच त्यांना एकमेकांची गरज पडत नव्हती. त्याहून वाईट म्हणजे मी पदरचं घालून सांगत होते. एकदा मुलाला म्हणाले, „तिला फार वाईट वाटतंय रे.” तिनं असं काहीच म्हटलं नव्हतं. तो बिचारा आठवडाभर तिच्या फोनची वाट पाहत राहिला. फोन आला नाही, तेव्हा जुन्या रागावर नवा चढला. तो माझा दोष होता.

„दोघांनी अर्धी अर्धी वाट चाला” असं आपण सहज म्हणतो. पण दोघांनाही खरंच वाटत असतं की आपण कधीच अर्ध्याच्या पुढे गेलोय. माझ्या मुलानं मधल्या काळात दोनदा फोन केला होता आणि तिनं उचलला नव्हता. त्याच्या लेखी त्याची वाट तिथे संपली होती. मुलीनं सगळी बिलं स्कॅन करून, तारखेप्रमाणे लावून, बेचाळीस पानांची फाइल त्याला पाठवली होती. सोबत एक शब्दही नव्हता. तिच्या लेखी ते तिचं पाऊल होतं. त्याला वाटलं, फाइल तोंडावर फेकली. १९७९ मध्ये मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी नवराबायकोंना वेगवेगळं विचारलं होतं, घरातल्या कामांत तुमचा वाटा किती? बहुतेक जोडप्यांत दोघांच्या वाट्यांची बेरीज पूर्णाच्या वर गेली. कोणी खोटं बोलत नव्हतं. आपण केलेलं आपल्याला जास्त आणि सहज आठवतं, एवढंच. हे वाचलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या मुलांचा मध्य एका जागी नाहीच. म्हणून नुसतं „अर्ध्यावर या” म्हणून भागणार नव्हतं. कोणी काय करायचं ते मलाच सांगायला हवं होतं.

मग मी तिघांचा ग्रुप केला आणि हे लिहिलं:

„हे तुम्हा दोघांना एकाच वेळी लिहितेय. कोणाला वेगळं काही लिहिलेलं नाही. कोण चुकलं हे मी ठरवणार नाही. बाबांच्या आजारपणात कोणी काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, ते कोणाला सिद्ध करायला नको. यापुढे मी एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगणार नाही, खुशालीसुद्धा नाही. मागे मी माझ्या मनानं काही जोडून सांगितलं, त्याची माफी मागते. माझं मागणं एवढंच. दादानं छोटीला त्या रात्रींबद्दल विचारावं आणि ती बोलेल ते मध्ये न बोलता ऐकावं. बिलांचा विषय त्या दिवशी काढू नये. छोटीनं त्याचा फोन उचलावा आणि ‘पाहुणा’ हा शब्द मागे घ्यावा. बाकीचा राग राहिला तरी चालेल. दुसऱ्यानं केलं तर मी करीन, असं नको. महिनाभरात जमलं नाही तर ‘आत्ता नाही’ एवढं कळवा. मी कारण विचारणार नाही. आई.”

यात „माझ्यासाठी एवढं करा” हे कुठेही नाही, ते मी मुद्दाम टाळलं. आईसाठी म्हणून दोघं एका खोलीत येतात, आईसमोर हसतात आणि निघून जातात. माझी तब्येत, माझं वय, यातलं काही मी मध्ये आणलं नाही. „झालं गेलं विसरा” असंही लिहिलं नाही, कारण मुलीला नेमकी तीच भीती होती की तिच्या रात्री विसरल्या जातील.

मुलीचा मला लगेच फोन आला. „त्यानं नुसतं विचारायचं आणि मी शब्द मागे घ्यायचा? हे सारखं कुठे आहे?” बरोबर होतं तिचं. मी म्हणाले, सारखं नाहीच आहे. मी वजन करून वाटलेलं नाही. ज्याला जे मिळालं नाही म्हणून सल आहे, ते दुसऱ्याकडे मागितलंय. तुला कोणी विचारलं नाही, आणि त्याला तू परकं केलंस. ती गप्प राहिली. पुढे मी काही बोलले नाही, आणि हा फोन झाल्याचं मुलाला सांगितलंही नाही. ते न सांगणं सगळ्यात अवघड गेलं.

नवव्या दिवशी त्यानं तिला फोन केला. तिनं उचलला नाही. त्यानं पुन्हा केला नाही, पण लिहिलं, „रात्री तू एकटी कशी करायचीस, हे मी कधी विचारलंच नाही.” चार दिवसांनी तिनं फोन केला. काय बोलले ते मला आजही पूर्ण माहीत नाही, आणि मी विचारत नाही. अजूनही त्या अकरा महिन्यांचा विषय निघाला की दोघं जपून बोलतात.

एक मात्र सांगते. तुमच्या घरात एकानं दुसऱ्यावर हात उचलला असेल, धमकावलं असेल किंवा फसवून पैसे घेतले असतील, तर हा मेसेज पाठवू नका. तिथे ज्याला मार बसला त्यालाच आपण अर्धी वाट चालायला लावतो.

परवा मुलानं नोकरी बदलल्याचं मला सांगितलं. सवयीनं मी मुलीला फोन लावला आणि मग आठवलं, आपण आता निरोप नेत नाही. फोन तिनं उचललाच होता, म्हणून मी तिच्या मुलांची चौकशी केली. ती म्हणाली, „आई, दादाच्या नोकरीचं कळलं ना तुला? मुलाखतीच्या आदल्या रात्री तासभर माझं डोकं खाल्लं त्यानं.”