मटण थाळीचा हिशोब: कोल्हापुरात क्लाउड किचन सुरू करताना

कोल्हापुरात मटण थाळीचं किचन काढायचं म्हटलं की सगळे चवीबद्दल बोलतात. चवीची मला काळजी नव्हती, मामांची खानावळ लहानपणापासून पाहिलेली. मला आधी हे कळायला हवं होतं की रोज किती थाळ्या गेल्या तर घरातून पैसे घालावे लागणार नाहीत. जागा घेण्याआधी मी त्याच हिशोबाला बसले.

सुरुवात मटणापासून केली, कारण थाळीतला सगळ्यात मोठा खर्च तोच. तेव्हा आमच्या खाटकाकडे हाडासकट मटणाचा भाव ७६० रुपये किलो होता. वाढायचं असतं ते शिजलेलं, त्यामुळे कच्च्या वजनावर हिशोब धरून चालत नाही. किलोभर मटण शिजवून, रस्सा वेगळा काढून वजन केलं, तर ६६० ग्रॅमच्या आसपास भरलं. एका थाळीत ११० ग्रॅम सुकं धरलं की किलोत सहा थाळ्या होतात, म्हणजे थाळीमागे मटणाचे १२७ रुपये.

तांबड्या रश्श्याला कांदा-लसूण मसाला, तेल, सुकं खोबरं मिळून १८ रुपये. पांढऱ्याला नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस धरून १६. दोन भाकऱ्या १०, भात ७, कांदा-लिंबू ५. एकूण १८३ रुपये. गळती न होणारे डबे, फॉइल आणि पिशवी यांचे २२ वेगळे.

क्लाउड किचनमध्ये बसून जेवायची सोय नसते, ऑर्डर घरपोच जेवणाच्या ॲपवरून किंवा फोनवरून येतात. ॲपवरची किंमत ३८० ठेवली, तर कच्च्या मालाचा टक्का येतो ४८. धंद्यातली माणसं हा टक्का ३० ते ३५ असावा म्हणतात. त्या मापाने मटण थाळी मेनूत ठेवायलाच नको. पण ॲपचं कमिशन आणि पॅकिंग वजा करून हातात किती उरतं, ते पाहिल्यावर चित्र बदललं.

माझ्या करारात कमिशन २४ टक्के होतं. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि रेस्टॉरंटच्या ५ टक्के जीएसटीत त्याची वजावट मिळत नाही, म्हणून खरा खर्च २८ टक्क्यांच्या थोडा वर जातो. ३८० च्या थाळीवर १०८ रुपये. सगळं वजा जाता मटण थाळीवर ६७ रुपये उरतात. चिकन थाळी २६० ला, कच्चा माल १०४, म्हणजे ४० टक्के, उरतात ६०. अंडा थाळी १६० ला, माल ५४ चा, पॅकिंग १८ चं. टक्का सगळ्यात चांगला, ३४, आणि उरतात फक्त ४३. भाडं आणि पगार टक्क्यांनी भागत नाहीत, रुपयांनी भागतात. म्हणून मटण थाळी मेनूच्या डोक्यावर राहिली.

एक गोष्ट मामांना पटेना. खानावळीत रस्सा कधी मोजून वाढलेला नाही. ते म्हणाले, "अगं, रस्सा मोजून दिलास तर माणसं परत येतील व्हय?" त्यांचं म्हणणं मला कळत होतं, कारण आपल्याकडे जादा रस्सा मागायला कुणाला संकोच वाटत नाही. पण खानावळीत जादा रस्सा वाटीत जातो, पार्सलला डबा लागतो. दोन्ही रश्श्यांचा एकेक जादा डबा फुकट दिला तर ४२ रुपये जातात आणि ॲपवरच्या थाळीत २५ उरतात. म्हणून थाळीत दोन्ही रस्से २५०-२५० मिली, भरपूर वाटतील एवढे, आणि जादा रस्सा मेनूत वेगळ्या किमतीला, असं ठरवलं.

मग जागा. उचगावला १० हजारांत गाळा मिळत होता, राजारामपुरीच्या आतल्या गल्लीत २२ हजारांत. वरचे १२ हजार महिन्याच्या २६ दिवसांवर वाटले तर रोजचे ४६० होतात. म्हणजे राजारामपुरीने मला रोज सहा-सात थाळ्या जास्त मिळवून द्यायला हव्यात. तिथून टाकाळा, शाहूपुरी, दसरा चौक सगळं जवळ, शिवाय क्लास आणि ऑफिसातली माणसं फोन करून स्वतः न्यायला येऊ शकतात. हा शेवटचा मुद्दा मला निर्णायक वाटला.

कारण थेट फोनवर आलेल्या ऑर्डरचं गणितच वेगळं आहे. तीच मटण थाळी मी थेट गिऱ्हाईकाला ३४० ला देते आणि पोचवणाऱ्या पोराचे २५ रुपये धरूनही ११० उरतात. गिऱ्हाईकाला ४० रुपये स्वस्त पडते आणि मला ४३ जास्त मिळतात. स्वतः न्यायला आला तर ते २५ ही वाचतात.

महिन्याचा बांधील खर्च असा धरला: भाडं २२ हजार, आचारी १८, मदतनीस १०, भाकरीच्या मावशी ८, गॅस साडेनऊ, वीज-पाणी साडेचार, किरकोळ ४, कर्जाचा हप्ता ९ आणि माझा पगार १८ हजार. आपला पगार लोक धरत नाहीत, आणि मग किचन चालतंय की आपण फुकट राबतोय ते कळतच नाही. एकूण १ लाख ३ हजार. सोमवार बंद, म्हणून २६ दिवस, रोजचे ३,९६०.

विक्रीत मटण आणि चिकन ४०-४० टक्के, अंडा २० टक्के धरली. सगळं ॲपवरून गेलं तर थाळीमागे सरासरी ५९ रुपये उरतात आणि रोज ६७ थाळ्या लागतात, म्हणजे १९,३०० ची विक्री. निम्म्या ऑर्डर थेट आल्या तर सरासरी ७३ होते, ५४ थाळ्या पुरतात आणि विक्री १४,८०० वर येते.

पण हा ५४ चा आकडा रोज गाठायचा ठरवला तर जीव जाईल. आपल्याकडे बुधवार, शुक्रवार, रविवार मटणाचे. गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, बऱ्याच घरांत तेव्हा वशाट शिजत नाही. म्हणून मी आठवड्याचा आकडा धरला, ३२४ थाळ्या. रविवारी ९०, बुधवारी ७०, शुक्रवारी ६५ आणि उरलेल्या तीन दिवसांत ३३-३३. मटणाची ऑर्डरही त्याच बेताने. श्रावणासाठी अख्खा मसूर-भाकरीची थाळी आहे, पण तिच्यावर थोडेच उरतात. त्या महिन्याची तूट आधीच्या महिन्यांतून बाजूला काढलेली असावी लागते.

सुरू झाल्यावर एकच गोष्ट दर आठवड्याला न चुकता पाहते. सोमवारी किचन बंद असताना शिल्लक माल मोजायचा. आधीची शिल्लक अधिक खरेदी वजा आताची शिल्लक, भागिले विक्री. कागदावर ४६ टक्के यायला हवेत. सुरुवातीला ५१ यायचे. हे पाच टक्के म्हणजे रोजचे ७४० रुपये. चोरी नव्हती, आचारी सुकं डोळ्याच्या अंदाजाने भरत होते आणि रात्री रस्सा उरत होता. काट्यावर ११० ग्रॅम आणि २५० मिलीची ठरलेली पळी आल्यावर आकडा ४८ च्या खाली आला.

मटण किलोमागे ४० रुपयांनी चढलं तर मटण थाळीवर पावणेसात रुपये जातात, आणि रोजच्या ५४ च्या ५६ थाळ्या होतात. तेवढ्यासाठी मी किंमत बदलत नाही. त्याहून जास्त चढलं की आधी ॲपवरची किंमत वाढवते, फोनवरची शेवटी.