F दिसला, पण भांडुपला थांबेल का?

"इंडिकेटरवर K F असं येतं. कल्याण फास्ट हे समजलं. पण ती भांडुपला थांबणार की नाही, हे तुम्हाला बघताक्षणी कसं कळतं?"

बघताक्षणी मलाही कळत नाही. काय होणं शक्यच नाही, तेवढं मात्र कळतं. मध्य रेल्वेच्या मेन लाइनवर फास्ट गाड्यांचे रूळ वेगळे, आणि प्रत्येक स्टेशनात त्या रुळांना फलाट नाही. मस्जिद, सँडहर्स्ट रोड, चिंचपोकळी, करी रोड, विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर इथे फास्टला उभं राहायला जागाच नाही. यातल्या कुठे उतरायचं असेल तर F दिसताच मागे सरका.

विक्रोळी, भांडुप, मुलुंडला मात्र फास्ट रुळावरही फलाट आहे. म्हणून काही फास्ट तिथे थांबतात आणि काही धडधडत निघून जातात. नुसत्या F वरून हे ठरत नाही. इंडिकेटरवर खाली स्टेशनांची नावं सरकत असतील तर ती ओळ सुरुवातीपासून वाचा. मधूनच 'भांडुप' वाचून लोक खूश होतात, आणि ती यादी नेमकी न थांबणाऱ्या स्टेशनांची निघते!

समजा, दादरला उभे आहात आणि आलेली फास्ट भांडुपला थांबत नाही. घाटकोपरपर्यंत तिने जाऊन तिथे स्लो पकडता येते. पण एवढ्या अंतरात ती चुकवते माटुंगा, सायन आणि विद्याविहार, म्हणजे जेमतेम तीन थांबे. तेवढ्यासाठी घाटकोपरच्या गर्दीत जिना चढून फलाट बदलायचा? मी तरी दादरलाच स्लो धरते.

अक्षरांचा क्रमही बघा. पहिलं अक्षर गाडी कुठवर जाणार ते सांगतं आणि नंतरचं फास्ट की स्लो. मेन लाइनवर कर्जतची खूण S आहे, त्यामुळे S F म्हणजे कर्जत फास्ट. पहिला S बघून 'स्लो आहे' म्हणत चढलेला नाहूरकर थेट ठाण्याला पोचू शकतो. उलट अंबरनाथ-बदलापूरकडच्यांनी F असला तरी पुढची काळजी करू नये. कल्याण सुटलं की फास्टसुद्धा प्रत्येक स्टेशन घेते. काही गाड्या तर ठाण्यापासूनच स्लो होतात. त्या कळवा-मुंब्र्यालाही थांबतात.

रविवारी मात्र आधी मेगाब्लॉक कुठे आहे ते बघा. माटुंगा ते मुलुंड डाउन स्लो मार्ग बंद असला की स्लो गाड्या फास्ट रुळावरून नेतात. त्या सायन, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुपला थांबतात, पण विद्याविहार, कांजूर आणि नाहूर गाळतात. त्या दिवशी कांजूरला जायचं तर भांडुपला उतरा आणि उलट्या दिशेची स्लो घेऊन मागे या. ती बाजू चालू आहे ना, तेवढं आधी विचारून घ्या.