नेपल्सची का नाही केलीत?

'अहो, तुमच्या त्या मंडईतल्या वांगीवालीला इटालियनमध्ये सरळ नेपल्सची बाई का नाही केलीत? काय मजा आली असती!'

पुण्यातल्या मंडईतली एक मराठी कथा मी इटालियनमध्ये आणली, तिच्यातल्या वांगीवालीबद्दलचा हा प्रश्न. मजा आली असती, आणि त्या मजेचीच मला धास्ती होती.

नेपल्सच्या बाजारातल्या बाईला इटलीत प्रत्येक वाचक आधीपासून ओळखतो. नाटक-सिनेमात ती इतक्यांदा आली आहे की तिनं तोंड उघडायच्या आत लोक हसायला तयार असतात. ती हात वर करून देवाला साक्षीला बोलावते, पोराबाळांची शपथ घेते आणि गिऱ्हाइकाला गंडवूनही त्याचं मन जिंकते. आमच्या कथेतली वांगीवाली यातलं काहीच करत नाही. ती मुळशीकडून पहाटे टोपली घेऊन आलेली आहे, कमी बोलते आणि बोलते ते तोडून. तिचा जोर कोरडेपणात आहे. गिऱ्हाईक म्हणतं, 'सव्वाला देतेस?' आणि ती मान वर न करता म्हणते, 'सव्वाला देठं येतील.' हे वाक्य नेपल्सच्या तोंडी घातलं तर त्याच्या मागेपुढे चार वाक्यांची झालर लावावी लागते, नाहीतर नेपल्सचं वाटतच नाही. म्हणजे तिला तिकडे न्यायचं तर आधी बडबडी करायला हवं.

शिवाय आता तिकडे भाजीवर भाव करणारे थोडेच. किलोचा दर पाटीवर लिहिलेला असतो, तो द्यायचा आणि निघायचं. घासाघीस उरली ती जुन्या वस्तूंच्या बाजारात. रोममध्ये रविवारी पोर्ता पोर्तेझेला जाऊन पाहा. त्यामुळे वांग्यांवरून दोन बायका हुज्जत घालताहेत एवढं वाचलं की इटालियन मन त्यांना आपोआप दक्षिणेत नेऊन ठेवतं. पुणं दिसायच्या आत नेपल्स दिसायला लागतं.

बरं, बोली नको म्हणून दोघींना पुस्तकी इटालियन बोलायला लावलं असं कुणी समजू नये. मूळ कथेत गिऱ्हाईक असलेली पेठेतली बाई 'पाणी' म्हणते, 'नाही' म्हणते. वांगीवाली 'पानी' आणि 'न्हाई' म्हणते. एका अक्षरात मराठी वाचकाला दोघींची घरं दिसतात. इटालियनमध्ये तेवढी सोय नाही, पण दुसरी आहे. शिकलेला माणूस 'असतं तर' म्हणताना क्रियापदाचं एक वेगळं, जरा अवघड रूप वापरतो. बाजारात, रस्त्यावर, घाईत लोक ते गाळतात आणि साधा अपूर्ण भूतकाळ दोन्हीकडे ठोकून देतात. माझी गिऱ्हाईकबाई म्हणते, 'से फोस्सेरो फ्रेस्के', ताजी असती तर. अगदी व्याकरणशुद्ध. वांगीवाली म्हणते, 'से मे ले प्रेन्देवा येरी, ल्येले दावो आ मेनो', काल घेतली असती तर कमीत दिली असती. यात व्याकरणाच्या मास्तरांना दुखेल असं बरंच आहे, पण ते कुठल्याही एका गावाचं नाही. ती कष्टकरी आहे एवढं कळतं आणि नेपल्स येत नाही. मला हवं होतं ते एवढंच.

आता तो कार्यक्रम. त्याच्याबद्दल मी लिहिणार नव्हते, पण प्रश्न तिथूनच सुरू झाला.

पुस्तक यायच्या आधी पुण्यातल्याच एका लहान सभागृहात या प्रसंगाचं वाचन ठेवलं होतं. समोर इटालियन शिकणारी मुलं, काही ज्येष्ठ साहित्यप्रेमी आणि चाकणच्या कारखान्यांत कामाला आलेले चारदोन इटालियन. वाचायला माझी बोलोन्याची मैत्रीण होती, जिनं माझा प्रत्येक मसुदा तपासलाय. मूळ संवाद असा आहे: 'कशी दिली वांगी?' 'दोन रुपये किलो.' 'सव्वाला देतेस?' 'सव्वाला देठं येतील.' 'दीड. बास.' 'पावणेदोन. भवानी व्हायचीय म्हणून.' मग बाई पाठ फिरवते, चालायला लागते आणि मागून हाक येते.

याची सगळी गंमत आकड्यांत आहे. सव्वा, दीड, पावणेदोन. प्रत्येक आकडा एक शब्द, टेबल टेनिसच्या चेंडूसारखा इकडून तिकडे. इटालियन माणूस आज दुकानात एक युरो पंचाहत्तर सेंटला 'उनो ए सेत्तान्ताचिंक्वे' म्हणतो. सात मात्रा! चेंडू मध्येच जाळीत अडकतो. पण त्यांच्याकडे पाव आणि पाऊण आहेत. रुपयाला ते 'रुपिया' म्हणतात, तो स्त्रीलिंगी, म्हणून सव्वा झाला 'ऊना ए उन क्वार्तो', दीड झाला 'ऊना ए मेद्झा', पावणेदोन 'ऊना ए त्रे क्वार्ती'. बोलताना शेजारचे स्वर एकमेकांत विरघळतात, त्यामुळे लिहिताना लांब दिसलं तरी जिभेवर चारपाच मात्रांत बसतं. मी खूश होते. मराठीत 'सव्वाला' म्हटल्यावर पुढे कुणी 'रुपयाला' म्हणत नाही, म्हणून पहिल्या भावानंतर 'रुपिया' मीही कुठेच ठेवला नव्हता.

मैत्रिणीनं सुरेख सुरुवात केली. 'क्वान्तो वेन्गोनो, ले मेलान्झाने?' वांगी वाक्याच्या शेवटी टाकून विचारायची ही खास बोलण्यातली ढब आहे, मराठीत आपण 'कशी दिली वांगी' म्हणतो तशीच. मुलं हसली. देठांच्या वाक्याला मोठा हशा येईल म्हणून मी टेकून बसले होते. त्याच्या आधीच इटालियनांच्या रांगेतून एक फुसकन हसला. मग शेजारचा. 'दीड, बास' आलं तेव्हा त्यातला एक जण मोठ्यानं म्हणाला, 'पण या बायका भेटायची वेळ ठरवताहेत का?' आणि अख्खं सभागृह फुटलं. ज्यांना इटालियन कळत नव्हतं तेही हसले, कारण शेजारी हसत होता.

कारण त्यांच्याकडे घड्याळातली वेळही स्त्रीलिंगी आहे. सव्वा, दीड, पावणेदोन वाजले हे सांगायला तेच शब्द, फक्त सुरुवातीला एक 'ल' जोडलेला. कागदावर तो 'ल' नाही हे दिसतं आणि कुणाचा गोंधळ होत नाही. कानाला, वेगात, दोन बायका एकमेकींच्या वाक्यावर वाक्य टाकत असताना, तो असला काय आणि नसला काय. पाठ फिरवून जाण्याची जागा आली तेव्हा मैत्रीण थांबली, जशी थांबायला हवी तशीच. त्या शांततेत मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, 'उशीर झाला वाटतं तिला.'

कार्यक्रम संपल्यावर एक वयस्क गृहस्थ चहाचा कप घेऊन जवळ आले आणि अतिशय प्रेमानं म्हणाले, 'तुम्ही हिला नेपल्सची का नाही केलीत?' तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे आहे. त्यांना वाटलं, हशा चुकीच्या जागी आला म्हणजे भाषा फिकी पडली. नेपल्सची बोली असती तरी घड्याळ वाजलंच असतं हो! दीडला तिकडेही दीडच वाजतात.

दुरुस्ती अगदी बारीक झाली. गिऱ्हाइकाच्या पहिल्या उत्तरात 'रुपिया' परत आणला, 'ऊना रुपिया ए उन क्वार्तो', आणि तिथून पुढे पुन्हा गाळला. एकदा कान पैशांवर बसला की घड्याळाकडे जात नाही. 'पावणेदोन'च्या आधी तिला 'गुआर्दी', बघा, म्हणायला लावलं, म्हणजे आकडा उघडा पडत नाही. 'भवानी'ला मी हातच लावला नाही. मूळ लेखिकेनं पुढे ती नोट कपाळाला लावते असं दाखवलंय, मग मी तिच्या तोंडी फक्त 'आज सकाळची पहिली तुम्हीच' एवढं ठेवलं. बाकीचं तो हात सांगतो. देठांना 'पिच्चोली' आहेच. सिसिलीत पैशालाही तेच म्हणतात, पण ते माझं कर्तृत्व नाही, नशीब आहे.

आणि शेवटी ती दीडला तयार होते, तेव्हा बाई पिशवी धरून म्हणते, 'वर चार मिरच्या टाक की.' इथे मला काहीच करावं लागलं नाही. रोम-फ्लोरेन्सकडे भाजीवाला सेलरीची काडी, गाजर, पार्सली असा झुबका भाजीबरोबर फुकट देतो आणि लोक हक्कानं मागतात. मिरच्या मिरच्याच राहिल्या, पण मागण्याचा सूर त्यांना घरचा वाटला. या ओळीवर अजून एकाही इटालियनानं शंका काढलेली नाही.

ज्यावर खरंच भांडण व्हायला हवं त्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही. मूळ कथेत पेठेतली बाई वांगीवालीला 'तू' म्हणते, 'देतेस' म्हणते. वांगीवाली तिला 'तुमी' म्हणते. पहिल्या मसुद्यात मी 'तुमी'ला 'वोइ' घातलं होतं. रूप अनेकवचनाचं, अर्थ आदराचा, आपल्या 'तुम्ही'सारखंच. मैत्रीण म्हणाली, 'वोइ' आता दक्षिणेत उरलंय, आणि बाकीच्यांना १९३८ आठवतं, जेव्हा फॅसिस्ट राजवटीनं आदराचं नेहमीचं 'लेइ' बंद करून 'वोइ' लादलं होतं. म्हणजे एक तर नेपल्स, नाहीतर मुसोलिनी. म्हणून 'लेइ' आलं. पण मग गिऱ्हाइकाचं 'तू'? बाजारात एक बाई दुसरीला 'लेइ' म्हणते आणि दुसरी तिला 'तु', हे आज इटलीत ऐकलं की बाहेरून आलेल्या विक्रेत्याशी काही लोक कसे बोलतात तेच आठवतं. सरळ अपमान.

तेव्हाची मी म्हणत होते की आपल्याकडे त्यात अपमान नाही, 'काय गं' मध्ये माया असते, माझी आई असंच बोलायची. आता मला तेवढी खात्री नाही. माझी आई वांगीवालीला 'काय गं' म्हणायची, वांगीवाली वयानं मोठी असली तरी. आणि उलट कधी झालेलं मी पाहिलं नाही. इटालियन कानाला जे टोचलं ते चुकीचं ऐकलं गेलं की आपण ऐकायचं सोडलं होतं? छापील पुस्तकात मी बाईला आधी 'लेइ' म्हणायला लावलंय आणि भाव तुटायला आला की ती घसरून 'तु'वर येते. वाचायला बरं वाटतं. पण त्यामुळे पेठेतली बाई मुळापेक्षा सभ्य झालीय. मैत्रीण म्हणते, राहू दे. मूळ लेखिकेला विचारलं तर त्या म्हणाल्या, 'तुम्ही बघा काय ते.' पुढच्या छपाईला अजून वेळ आहे.